नोंदणी क्रमांक म्हणजे परवानगी नव्हे



कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत 65 इमारती अशा निघाल्या, की त्यांच्या बांधकामाची परवानगी महापालिकेने कधी दिलीच नव्हती. महापालिकेच्या नावाचे शिक्के आणि सह्या बनावट होत्या. परंतु या बनावट कागदांच्या आधारे बिल्डरांनी महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, प्रकल्पांची रीतसर नोंदणी करून घेतली होती. गिऱ्हाइकाने विचारले की नोंदणी क्रमांक दाखवला जाई. तो खराच असे. लोकांनी विश्वासाने घरे घेतली, बँकांनी कर्जे दिली. वास्तुविशारद संदीप पाटील यांनी माहितीच्या अधिकाराचा आधार घेऊन महापालिकेचे दप्तर आणि महारेराची नोंद ताडून पाहिली, तेव्हा हा बनाव उघड झाला. 2022 मध्ये गुन्हे दाखल झाले आणि 19 नोव्हेंबर 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी आयुष्याची कमाई त्या भिंतींत घातली होती, त्यांना सरकारकडे धाव घ्यावी लागली.

हे कसे घडू शकले? स्थावर संपदा कायदा 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. त्याप्रमाणे बिल्डरने कागद आणि प्रतिज्ञापत्र सादर करावयाचे आणि प्राधिकरणाने 30 दिवसांत नोंदणी द्यावयाची किंवा नाकारावयाची. मुदतीत निर्णय न झाल्यास नोंदणी झाली असे कायदा मानतो. कागद खरा धरूनच ही यंत्रणा उभी राहिली आणि तेथेच फट राहिली. कल्याणच्या प्रकरणानंतर प्रारंभ प्रमाणपत्र स्थानिक संस्थेकडून पडताळून घेण्याची पद्धत आली. तरीही मूळ गोष्ट बदलत नाही. महारेरा बिल्डरची नोंद ठेवते; इमारत बांधण्याची परवानगी नगरपालिका देते. एकीचा कागद दुसरीच्या कागदाची जागा घेऊ शकत नाही.

आता आपल्या बीडकडे वळू. समजा, जालना रस्त्याच्या बाजूला उभ्या राहत असलेल्या एका इमारतीत एक शिक्षक 30 लाखांची सदनिका घेऊ पाहतो. पाच मजल्यांचा सांगाडा उभा आहे. बिल्डर म्हणतो, पाच लाख आज द्या, पावती घ्या, करार पुढच्या महिन्यात करू. येथेच पहिला नियम मोडतो. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक, म्हणजे या घराबाबत 3 लाखांहून अधिक, रक्कम घेण्यास कायद्याने बंदी आहे. पावती हा करार नव्हे.

शिक्षकाने प्रथम maharera.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर प्रकल्प पाहावा. नुसता क्रमांक आहे की नाही एवढेच पाहून थांबू नये. तेथे जमिनीचा गट किंवा सर्व्हे क्रमांक असतो; तो सातबाऱ्याशी जुळतो काय? ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे? मराठवाड्यात निजामी काळापासूनच्या इनाम जमिनी आहेत. ‘खिदमतमाश’ असा शब्द आढळला, तर वकिलाला विचारल्याखेरीज पुढे एक पैसाही देऊ नये. प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख आणि तिला मिळालेल्या मुदतवाढी हेही तेथे दिसते. त्याचप्रमाणे मंजूर मजले किती आणि प्रस्तावित मजले किती, हे पाहिले पाहिजे. या दोन शब्दांतील अंतरात पुष्कळांची फसगत होते. शिक्षकाला दाखवलेली सदनिका पाचव्या मजल्यावर असेल आणि मंजुरी चौथ्या मजल्यापर्यंतच असेल, तर कागदोपत्री त्याचे घर अजून अस्तित्वातच नाही.

मुंबईच्या वरळीतील कॅम्पा कोला वसाहतीचा धडा हाच आहे. 1981 ते 1989 या काळात बांधलेल्या त्या इमारतींना पाच मजल्यांची परवानगी होती. त्यांपैकी एक 20 मजल्यांपर्यंत गेली. लोक वर्षानुवर्षे तेथे राहिले आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाढीव मजल्यांना संरक्षण नाकारले. वहिवाट झाली म्हणून बेकायदा मजला कायदेशीर होत नाही.

दुसरे पाऊल नगरपरिषदेच्या नगररचना विभागाचे. बिल्डरने दिलेल्या झेरॉक्सवरून परवानगीचा क्रमांक, जावक क्रमांक आणि तारीख टिपून घ्यावी आणि ही नोंद दप्तरात आहे काय, असे लेखी विचारावे. उत्तर तोंडी मिळाले तर त्यावर विसंबू नये. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. त्या अर्जात प्रारंभ प्रमाणपत्राची आणि मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत मागावी. कल्याणमध्ये बनाव उघडा पडला तो असाच कागदाला कागद लावून. सदनिका घेणाऱ्यांनी बयाणा देण्यापूर्वी हेच केले असते, तर त्यांचे पैसे वाचले असते. जमीन पालिकेच्या हद्दीबाहेर असेल, तर ही चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीची ना-हरकत ही बांधकामाची परवानगी ठरत नाही.

प्रमाणित नकाशा हाती आला की तो घेऊन जागेवर जावे. मजले मोजावेत, आपली सदनिका नकाशात त्याच ठिकाणी आहे काय ते पाहावे, आणि जेथे नकाशात वाहनतळ आहे तेथे दुकानांचे गाळे तर उभे राहत नाहीत ना, हेही पाहावे. प्रारंभ प्रमाणपत्राची तारीखही पाहावी. ते एका वर्षासाठी असते आणि दरवर्षी नूतनीकरण करून जास्तीत जास्त चार वर्षे चालते.

तिसरा कागद भोगवटा प्रमाणपत्राचा. बांधकाम चालू असताना संपूर्ण इमारतीचे ते मिळूच शकत नाही. अर्धवट इमारतीचे कोणी ते दाखवीत असेल, तर संशय घ्यावा. मंजूर नकाशाप्रमाणे इमारत पूर्ण झाली आणि राहण्यास योग्य आहे, असा पालिकेचा तो अखेरचा दाखला आहे. म्हणून ताबा भोगवटा प्रमाणपत्रासह कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, हे करारात लिहून घ्यावे. ‘किल्ली घ्या, प्रमाणपत्र मागाहून येईल’ हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. महाराष्ट्राच्या 1963 च्या सदनिका मालकी कायद्याने असा ताबा देण्यास बिल्डरला आणि घेण्यास गिऱ्हाइकालाही मनाई केली आहे. ठरल्या तारखेला घर मिळाले नाही, तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क स्थावर संपदा कायद्याने दिला आहे. मात्र त्यासाठी ती तारीख करारात असली पाहिजे.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल, किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर महारेराची नोंदणी सक्तीची नाही. अंबाजोगाई, परळी, माजलगाव यांसारख्या गावांत छोट्या भूखंडावर उठणाऱ्या इमारतीकडे नोंदणी क्रमांक नसेल, तर तेवढ्यावरून ती बेकायदा ठरत नाही. परंतु प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि पुढे भोगवटा प्रमाणपत्र यांतून ती सुटत नाही. उलट महारेराचा पहारा नसल्यामुळे पालिकेचे दप्तर पाहण्याची गरज तेथे अधिकच असते.

कार्यकर्त्यांनी या बाबतीत एवढे करावे: एकाच इमारतीत घर घेऊ पाहणाऱ्या दहा कुटुंबांनी दहा वेळा हेलपाटे घालण्याऐवजी त्यांना एकत्र बसवावे, एक अर्ज लिहून द्यावा आणि आलेले उत्तर सर्वांना वाचून दाखवावे. एकट्या शिक्षकाला बिल्डर म्हणतो, ‘तुम्हाला नको असेल तर दुसरा गिऱ्हाईक तयार आहे.’ तो दुसरा गिऱ्हाईकही तोच कागद मागू लागला, की हे म्हणण्याची सोय राहत नाही.