पोपड्यावरून रंगाचा कोड कसा शोधायचा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, रंगकाम घेणाऱ्या गटांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या प्रभागातले काही गट आता अंगणवाडी, शाळा, समाजमंदिर अशा ठिकाणी रंगकाम घेतात. पूर्ण खोली नव्याने रंगवायची असेल तर शेड कार्डमधला आवडेल तो रंग निवडायचा आणि कामाला लागायचं, त्यात फार डोकं लागत नाही. खरी कसोटी लागते ती जुन्या रंगाला नवा रंग जुळवताना. तिथे चुकलं तर भिंतीवर ठिगळ दिसतं, बिल अडतं, आणि मशीनवर बनवलेला डबा दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणजे पैसे गटाचेच जातात.

एक काम डोळ्यासमोर ठेवून बोलते, म्हणजे नीट कळेल. समजा, अंगणवाडीच्या भिंतीत नळाचा पाइप फुटला. प्लंबरने भिंत फोडली, पाइप बदलला, गवंड्याने गिलावा केला. आता फिक्या पिवळ्या भिंतीवर दोन फूट बाय तीन फुटांचा राखाडी चौकोन दिसतोय. ग्रामपंचायत म्हणते, एकाच भिंतीचे पैसे आहेत, रंग बाकीच्या तीन भिंतींशी जुळला पाहिजे. जुन्या डब्यावरचा कोड कुणाकडेच नाही. मग काय करायचं?

पहिलं काम म्हणजे भिंतीचा नमुना घ्यायचा. फोडलेल्या जागेच्या कडेला रंगाचा पोपडा आपोआप सुटलेला असतो, पण तो सिमेंटने आणि हातांनी मळलेला असतो. त्यापेक्षा त्याच भिंतीवर कपाटामागे किंवा स्विच बोर्डाखाली, सहज दिसणार नाही अशा जागी ब्लेडने चौकोन आखा आणि पातळ पटाशीने सावकाश उचला. साधारण दीड इंच बाय दीड इंच, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठा तुकडा हवा. नखाएवढ्या टवक्यावरून डोळ्यालाही नीट कळत नाही आणि दुकानातल्या यंत्रालाही वाचता येत नाही.

तुकडा निघाला की त्याच्या दोन्ही बाजू बघा. वरची बाजू आजची, खालची बाजू कित्येक वर्षांपूर्वीची. कधी खाली निळा असतो, कधी चुना. दुकानात गडबडीत उलटी बाजू दाखवली जाते, म्हणून मागच्या बाजूला पेनाने फुली मारून ठेवा. वरची बाजू ओल्या मऊ फडक्याने, साबणाचा एखादा थेंब घेऊन हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. अंगणवाडीच्या भिंतीवर धूर असतो, मुलांचे हात असतात. मळ तसाच राहिला तर तुम्ही रंगाचा नाही, मळाचा कोड शोधाल. वाळलेला तुकडा दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून न्या. रुमालात बांधला तर दुकानात पोचेपर्यंत त्याचा चुरा होतो.

पुसताना आणखी एक गोष्ट कळते. फडक्याला रंग लागला तर भिंतीवर डिस्टेंपर किंवा चुन्यातला रंग आहे. रंग सुटला नाही तर इमल्शन किंवा ऑइल पेंट. हे लिहून घ्या, कारण तोच कोड डिस्टेंपरमध्ये आणि इमल्शनमध्ये अगदी एकसारखा दिसत नाही. भिंतीला गाल टेकल्यासारखं जवळून, तिरकं बघा. चकाकी दिसली तर नवा रंगही तशाच चकाकीचा लागेल. समोरून जुळलेला रंग बाजूने वेगळा दिसतो तो यामुळेच.

कुणी म्हणेल, मोबाइलवर फोटो काढून दुकानदाराला पाठवला तर? तसं करू नका. मोबाइल स्वतःच उजेड कमी-जास्त करतो आणि रंग बदलतो. एकाच भिंतीचे सकाळी आणि संध्याकाळी काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून बघा, दोन वेगळ्या भिंती वाटतील.

आता शेड कार्ड. मोठ्या कंपनीच्या शेड कार्डात हजाराच्या वर रंग असतात आणि प्रत्येकाखाली नाव आणि कोड असतो. हा कोड त्या कंपनीपुरताच असतो. एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या दुकानात सांगून तोच रंग मिळत नाही. म्हणून कंपनी आधी ठरवा आणि तिचंच कार्ड उघडा.

कार्ड दुकानाच्या आत, ट्यूबलाइटखाली बघू नका. दुकानदाराला विनंती करून दाराबाहेर सावलीत या. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, थेट ऊन नको पण उजेड भरपूर, अशी जागा हवी. लाल किंवा हिरवी साडी असेल तर कार्ड अंगापासून थोडं लांब धरा, कारण साडीचा रंग कागदावर पडतो.

एक पांढरा पुठ्ठा घ्या आणि त्याला पोपड्यापेक्षा थोडी लहान खिडकी कापा. कार्डाच्या चौकोनावर पोपडा असा ठेवा की दोघांची कड एकमेकीला भिडेल, मध्ये फट राहणार नाही. वरून पुठ्ठा ठेवा म्हणजे खिडकीतून अर्धा पोपडा, अर्धं कार्ड एवढंच दिसेल. शेजारचे रंग डोळ्याला फसवतात, ते पुठ्ठ्याखाली झाकले जातात. चार-पाच सेकंद बघा, मग नजर काढून पांढऱ्या कागदाकडे बघा, मग परत या. टक लावून बघत राहिलं की सगळंच जुळलेलं वाटायला लागतं.

काय बघायचं, त्याचाही क्रम आहे. आधी रंग कुणाकडे झुकतो ते बघा. आपला फिका पिवळा लिंबाकडे जातो का आंब्याच्या रसाकडे? यावरून कार्डाचं पान ठरतं. मग त्या पानावर फिकट-गडद बघा. बऱ्याच कार्डांत एका पानावर तोच रंग फिक्यापासून गडदपर्यंत ओळीने लावलेला असतो. शेवटी बघा की रंग स्वच्छ आहे की मळकट, म्हणजे त्यात राखाडी मिसळल्यासारखा आहे का. जुन्या भिंतीचा रंग बहुतेक वेळा कार्डापेक्षा थोडा मळकट असतो. हे तिन्ही एकदम बघायला गेलं की गोंधळ होतो.

आपल्या अंगणवाडीच्या कामात असं झालं समजा, की तीन कोड हातात राहिले. पहिला भिंतीपेक्षा किंचित फिका. दुसरा तेवढाच गडद, पण लिंबाकडे झुकणारा. तिसरा किंचित गडद. दुसरा लगेच बाजूला ठेवा, कारण झुकाव चुकला तर तो फरक डोळ्याला सगळ्यात आधी खटकतो. पहिला आणि तिसरा यांत शंका असेल तर फिका घ्या. फिक्या रंगात दुकानदार मशीनवरून रंगाचे थोडे थेंब वाढवून देऊ शकतो, पण डब्यात पडलेला रंग कुणालाच परत काढता येत नाही. वाढवलेलं प्रमाण मात्र डब्यावर लिहून घ्या, नाहीतर पुढचा डबा वेगळा येईल.

काही मोठ्या दुकानांत रंग वाचणारं यंत्र असतं. ते पोपड्यावर ठेवलं की जवळचा कोड सांगतं. जरूर वापरा, पण पोपडा सपाट, स्वच्छ आणि यंत्राचं तोंड झाकण्याएवढा मोठा पाहिजे. यंत्र जवळात जवळचा कोड देतं, हुबेहूब असेलच असं नाही. त्यामुळे यंत्राचा कोडही दाराबाहेर उजेडात पोपड्याशी ताडून बघा.

कोड ठरला तरी सगळा रंग एकदम घेऊ नका. आधी सगळ्यात लहान डबा घ्या. फूटभर प्लायवुडच्या तुकड्यावर प्रायमर मारून रंगाचे दोन हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. इमल्शन ओलं असताना दुधाळ, फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. चुन्याचं उलटं, तो वाळल्यावर पांढरा पडत जातो. म्हणून ओल्या रंगावर निर्णय घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी तो तुकडा भिंतीला टेकवून उभा करा. एकदा दुपारच्या उजेडात बघा, एकदा दार लावून अंगणवाडीचा दिवा लावून बघा. काही रंग उन्हाच्या उजेडात जुळतात आणि दिव्याखाली फुटून दिसतात. अंगणवाडी दिवसा भरते, म्हणून दोन्हीत फरक पडला तर दिवसाचा उजेड खरा धरा.

आता प्रत्यक्ष रंगवणं. कोड कितीही नीट जुळला तरी फक्त दोन बाय तीनचा चौकोन रंगवू नका, तो दिसणारच. दुरुस्तीच्या जागेवर पुट्टी आणि प्रायमर मारा. प्रायमर नसेल तर ती जागा रंग जास्त पिते आणि डाग दिसतो. मग पूर्ण भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रंगवा. कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेड तसाही वेगवेगळा पडतो, त्यामुळे रंगातला बारीक फरक तिथे लपतो. दहा बाय बारा फुटांची भिंत म्हणजे 120 चौरस फूट. इमल्शनच्या दोन हातांना साधारण दोन लिटर लागतं. एक-एक लिटरचे दोन डबे आणले तर दोन्ही आधी एका बादलीत ओतून ढवळा. कोड तोच असला तरी डब्या-डब्यात किंचित फरक पडतो, आणि तो भिंतीच्या बरोबर मधोमध दिसतो.

काम घेतानाच ग्रामपंचायतीला सांगा आणि दरपत्रकात लिहा की, ‘रंग जुन्याशी जवळात जवळ जुळवला जाईल, पूर्ण भिंत रंगवली जाईल.’ दहा वर्षं उडालेल्या रंगाशी शंभर टक्के जुळवण्याचा शब्द देऊ नका. आणि कुणी मजुराने पूर्वी हाताने स्टेनर मिसळून रंग केला असेल, तर त्याला कोड नव्हताच. तिथे जवळचा कोडच शोधायचा असतो.

शेवटचं. काम संपल्यावर गटाच्या रजिस्टरमध्ये एक पान त्या इमारतीच्या नावाने उघडा. त्यावर कंपनी, रंगाचा प्रकार, कोड, वाढवलेले थेंब, तारीख आणि कोणती खोली, कोणती भिंत एवढं लिहा. दुकानदाराने डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीचा फोटो काढा, शक्य झालं तर चिठ्ठीच सोलून पानावर लावा. शेजारी प्लायवुडवरच्या रंगाचा हात कागदावर मारून चिकटवा. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच अंगणवाडीत पुन्हा ओल आली, तर पोपडा काढायचीही गरज पडणार नाही. रजिस्टर काढायचं आणि दुकानात जायचं.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या हातात काम आहे त्या गटांनी आपापला पोपडा पुठ्ठ्यात घालून आणा. शेड कार्ड मी आणते. दुपारी दोन वाजता, सभागृहाच्या पडवीत बसून जुळवून बघू.