लेकराचे लाल गाल आणि बोटाच्या पेराचं माप

आजचा भाग आमच्या पाच महिन्यांच्या लेकीमुळे झालाय.

डिसेंबरमध्ये तिचे गाल लाल आणि खरखरीत झाले, रात्रभर चोळायची. आई म्हणाली, "अरे, थंडीने फुटलेत, मोहरीचं तेल लाव." ते लावल्यावर आग वाढली. मग मी शहागंजातल्या एका मेडिकलमधून ट्यूब आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. दोन दिवसांत गाल साफ, चौथ्या दिवशी बंद केली, आठवड्यात पुन्हा लाल.

त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब बघितली. त्यात क्लोबेटासॉल होतं. हे फार तीव्र स्टेरॉइड. बाळाच्या पातळ त्वचेतून ते जास्त शोषलं जातं, त्वचा आणखी पातळ होते. अशी क्रीम चिठ्ठीशिवाय घ्यायचीच नाहीत.

त्यांनी सांगितलं, हा एक्झिमा आहे. त्वचेची भिंत गळकी असते, ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं आत जाऊन जळजळ होते. म्हणून मुख्य औषध मॉइश्चरायझर. अंघोळ कोमट पाण्यात, पाच-दहा मिनिटं. अंग टिपायचं, पुसायचं नाही, आणि ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचं जाड क्रीम. मग दिवसातून आणखी दोनदा, त्वचा बरी दिसली तरी. सगळ्या अंगाला आठवड्याला साधारण 100 ग्रॅम लागतं. आमची छोटी ट्यूब महिनाभर पुरत होती, म्हणजे आम्ही लावतच नव्हतो!

स्टेरॉइड नको असं नाही. तिला हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का, सौम्य, दिलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी क्रीमची रेघ दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. तिचे दोन्ही गाल मिळून एका तळव्याएवढे, म्हणून अर्धी रेघ. फक्त लाल भागावर, डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस, आम्हाला पाच. मॉइश्चरायझर आणि त्यात वीसेक मिनिटांचं अंतर. भीतीने कणभर लावलं तर लाली जात नाही आणि क्रीम उगाच लांबतं.

मग मी बग शोधतात तसं केलं. फोनमध्ये रोज नोंद, एका वेळी एकच बदल. लोकरीचं टोपडं काढलं, फरक पडला. बेसनाचं उटणं, धुरी, सुगंधी पावडर बंद. लाळ गळली की गाल टिपून लगेच क्रीम. उन्हाळ्यात घामाने हेच होईल, म्हणून सुती कपडे. आईचं दूध किंवा आईचा आहार मात्र अंदाजाने तोडू नका.

लाली गेल्यावर गालांवर फिकट डाग राहिले. आई घाबरली, "कोड तर नाही ना?" नाही. ते सूज उतरल्यानंतरचे असतात, काही महिन्यांत रंग भरतो.

पिवळ्या खपल्या, पू, ताप, किंवा घोळक्याने पाण्याचे फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तिथे क्रीमवर भागत नाही.

आता लेक रात्री झोपते. आम्हीही. भेटू पुढच्या भागात!