ओळ सरळ, पण क्रम मोडलेला



आमच्या अभ्यासवर्गात संगणक शिकणाऱ्या एका तरुणाला प्रश्न आला होता. कामगारांची यादी नेमणुकीच्या वर्षाप्रमाणे लावलेली आहे. ती आता ‘सिलेक्शन सॉर्ट’ने श्रेणीप्रमाणे लावली, तर प्रत्येक श्रेणीतली सेवाज्येष्ठता जशीच्या तशी राहील काय? त्याने उत्तर दिले, “राहील. श्रेण्या तर बरोबर लागल्या आहेत.” हे उत्तर चुकले. का चुकले, ते तीन नावांवर पाहू.

शंकर, श्रेणी 2, नेमणूक 2008. गणपत, श्रेणी 2, नेमणूक 2012. महादू, श्रेणी 1, नेमणूक 2015. सिलेक्शन सॉर्टची रीत अशी की, सर्वांत लहान श्रेणीचा माणूस शोधायचा आणि पहिल्या जागेवरच्या माणसाशी त्याची अदलाबदल करायची. लहान श्रेणी महादूची. तो पहिल्या जागी आला आणि शंकर त्याच्या जागी, म्हणजे थेट शेवटी गेला. पुढे गणपत आणि शंकर यांची श्रेणी एकच, म्हणून कोणी हलत नाही. यादी झाली: महादू, गणपत, शंकर. श्रेण्या 1, 2, 2. वरवर पाहणाऱ्याला दोष दिसणार नाही. पण चार वर्षांनी ज्येष्ठ असलेला शंकर गणपतच्या खाली गेला!

आता कपातीची वेळ आली असे समजा. ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हे तत्त्व 1953 च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात आले, आणि ते श्रेणीनिहाय लावायचे होते. श्रेणीतले तळाचे नाव कनिष्ठ समजून कोणी या यादीवर बोट ठेवले, तर घरी जाईल तो शंकर.

समान श्रेणीच्या माणसांचा मूळ क्रम न मोडणे, याला क्रमवारीचे स्थैर्य म्हणतात. ‘इन्सर्शन सॉर्ट’मध्ये महादू एकेक जागा पुढे सरकतो, शंकर आणि गणपत यांचा आपसातला क्रम तसाच राहतो. मात्र तिथेही अट आहे. मागचा माणूस पुढच्याहून खरोखर लहान असेल तरच सरकवायचा. बरोबरीतही सरकवला, तर तीही रीत अस्थिर होते.

मग दोष ओळखावा कसा? लावण्यापूर्वी प्रत्येक नावाला अनुक्रमांक द्या. नंतर एकेका श्रेणीत ते आकडे चढते आहेत की नाहीत, पाहा. एकदा चढते निघाले म्हणून रीत स्थिर ठरत नाही. अस्थिर रीतही कधी योगायोगाने क्रम राखते. पण एकदा जरी उतरता आकडा सापडला, तरी निकाल लागला.

दुसरा मार्ग आहे. तुलना करतानाच आधी श्रेणी आणि ती समान असल्यास नेमणुकीची तारीख पाहावी. मग रीत कोणतीही चालेल. पण दोघांची तारीखही एकच असेल, तर त्यांच्यात पुढचा कोण, याचा नियम माणसांनीच आधी ठरवून ठेवला पाहिजे.

तेव्हा, यादी हाती आली की ‘लागली काय’ एवढेच विचारू नका. ‘बरोबरीच्यांचे काय झाले’ हेही विचारा.