वाळवीच्या जमिनीत कुंपणाचा खांब कोणता?
(पाडा-कार्यकर्ते आणि देणगीदार यांच्या बैठकीत केलेले भाषण)



कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ठाकूर-कातकरी कुटुंबांच्या जमिनीला कुंपण करून देण्यासाठी आपण मदत करता. त्या पैशांतला मोठा भाग तारेत जात नाही, खांबांत जातो. म्हणून आज फक्त खांबाविषयी बोलतो. सिमेंटचा घ्यावा, लोखंडी अँगलचा घ्यावा, की औषध मुरवलेल्या लाकडाचा, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी विचारला आहे.

आपल्या भागात भातकापणी झाली की गुरे मोकळी सुटतात. ज्याला त्यानंतर वाल किंवा भाजी करायची आहे, किंवा आंब्या-काजूची कलमे जगवायची आहेत, त्याला कुंपणावाचून गत्यंतर नाही. कलमांना पहिली पाच-सहा वर्षे राखण लागते. कुंपण दुसऱ्या पावसाळ्यानंतर आडवे झाले, तर एका रात्रीत गुरे कलमे खाऊन जातात आणि मागची सगळी मेहनत वाया जाते. तेव्हा खांब स्वस्त किती हे विचारण्याआधी तो किती वर्षे उभा राहील हे विचारले पाहिजे.

खांब कुठे मरतो हे आधी पाहू. कोणताही खांब उपटून पाहा. वरचा भाग चांगला असतो, पुष्कळदा अगदी खालचे टोकही बरे असते. खराब होते ती जमिनीच्या पातळीची वीतभर जागा. तिथे ओलही असते आणि हवाही असते. अगदी वर ओल टिकत नाही, खोलवर हवा कमी पोहोचते. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि मग आठ महिने कोरडे, त्यामुळे ही वीतभर जागा दरवर्षी भिजते आणि सुकते. लाकूड तिथे कुजते, वाळवीही बहुधा तिथूनच शिरते. लोखंड तिथेच गंजते. सिमेंटच्या खांबातली सळई कुठे उघडी पडली असेल तर तीही ओल लागताच गंजते. म्हणून या तीन खांबांची तुलना म्हणजे खरे तर या एका वितेची तुलना आहे.

लाकडापासून सुरुवात करतो, कारण वाळवीचा प्रश्न खरा त्याचाच आहे. वाळवी जमिनीतून येते, मातीचे बारीक बोगदे करून चढते आणि लाकूड आतून खाते. वरून खांब धडधाकट दिसतो, पण कोयत्याच्या मुठीने ठोकला तर पोकळ आवाज येतो आणि आत माती भरलेली सापडते. सागाचा मधला गडद गाभा वाळवीला बराच दाद देत नाही. पण सालीखालचा फिकट भाग, सागाचा असला तरी, ती खाते. बारीक सागवानात गाभा थोडा आणि फिकट भागच जास्त असतो, म्हणून साग आहे एवढ्यावर विसंबू नये. शिवाय साग तोडायला परवानगी लागते, आणि वनपट्टा मिळाला म्हणून जंगलातले इमारती लाकूड तोडण्याचा हक्क मिळत नाही, हेही ध्यानात असावे.

मग औषध लावलेले लाकूड कसे? इथे शब्दांनी फसगत होते. डांबर किंवा जळके ऑइल फासणे म्हणजे औषध मुरवणे नव्हे. ते वरवर राहते. उन्हाने लाकूड तडकले की त्या भेगेतून ओल आणि वाळवी दोन्ही आत जातात. खरे औषध दाबाखाली लाकडात खोलवर मुरवावे लागते, आणि त्यासाठी लोखंडी टाकी असलेला कारखाना लागतो. तांबे, क्रोम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे जे मिश्रण जगभर खांबांसाठी वापरले गेले, ते देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोन्ती कामेसम या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ साली तयार केले. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचे औषध घरातल्या लाकडाला चालते, पण जमिनीत गाडलेल्या खांबातून आपला पाऊस ते धुऊन नेतो. कुंपणासाठी ते घेऊ नये.

औषध मुरलेले लाकूड ओळखण्याची खूण सोपी आहे. मालातला एक खांब मधोमध कापायला सांगावा. तांब्याचे औषध असेल तर हिरवट कडे सालीकडून चांगले आत गेलेले दिसते. कडे कागदाएवढे पातळ असेल तर तो माल परत करावा. औषध फिकट भागात मुरते, गाभ्यात मुरत नाही. म्हणून सभोवती फिकट भाग असलेला गोल, निलगिरी किंवा सुरूचा खांब चिरलेल्या चौकोनी खांबापेक्षा बरा. आणि औषध दिल्यावर खांब कापलाच, तर कापलेले टोक कधीही जमिनीत घालू नये.

लाकडाबद्दल माझी सर्वांत मोठी हरकत मात्र वेगळी आहे. आपल्या पाड्यांवर चूल लाकडावर चालते. खांबाचा तुकडा उरला किंवा खांब मोडला, तर तो उद्या चुलीत जाणार. आर्सेनिक मुरलेले लाकूड जाळले तर विष धुरात आणि राखेत उतरते, आणि त्याच राखेने भांडी घासली जातात. हा धोका पाड्यावर प्रत्येक घरी समजावून सांगितल्याशिवाय असा एकही खांब तिथे नेऊ नये.

आता लोखंड. वाळवी त्याला काही करत नाही. ४० मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड अँगल मीटरला सुमारे ३ किलो भरतो, म्हणजे ७ फुटी खांब साडेसहा किलोच्या आत. एक माणूस चार-पाच खांब खांद्यावर घेऊन दळीपर्यंत चढू शकतो. त्याचे दोन दोष आहेत. एक म्हणजे गंज. बुंध्याला काँक्रीट केले, पण त्याचा माथा जमिनीबरोबर किंवा खाली ठेवला, तर अँगलभोवती पाणी साचते आणि दोन-चार पावसाळ्यांत तिथे पापुद्रे निघू लागतात. काँक्रीट जमिनीच्या दोन-तीन इंच वर आणावे आणि थापीने चहूबाजूंनी उतार द्यावा, म्हणजे पाणी निथळते. गाडण्याआधी रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत, बुंध्याला एक जास्त. दुसरा दोष चोरीचा. लोखंड भंगारात विकले जाते, म्हणून वस्तीपासून लांबच्या, राखणीला कोणी नसलेल्या जागी ते लावताना विचार करावा.

सिमेंटच्या खांबालाही वाळवी लागत नाही आणि भंगारवाला तो घेत नाही. पण तो चांगला असेल तरच टिकतो. ४ इंच चौरस आणि ७ फूट लांब खांबात ६ मिलिमीटरच्या चार सळ्या आणि त्यांना बांधणाऱ्या रिंगा असाव्यात. सळईवर सर्व बाजूंनी निदान पाऊण ते एक इंच सिमेंट असावे. हे आवरण पातळ राहिले की ओल सळईपर्यंत पोहोचते, गंजलेली सळई फुगते आणि खांबाला उभी चीर पडते. उभी चीर आणि तिच्यातून उतरलेला तांबूस डाग दिसला की तो खांब आतून गेला, असे समजावे. तार बांधण्यासाठी बाहेर काढलेल्या लोखंडी आकड्यांपेक्षा आरपार भोके बरी, कारण आकडा गंजत गंजत आत पोहोचतो. विकत घेताना खांब कधी ओतला ते विचारावे. निदान दोन आठवडे पाणी मारलेले आणि महिनाभर झालेलेच खांब गाडीत भरावेत. कच्चा खांब टेम्पोतच आडवा तडकतो.

आता हिशेब करून पाहू. समजा, एका बहिणीची एक एकर, साधारण चौकोनी जमीन आहे. भोवतालची लांबी सुमारे ८३५ फूट होते. दर १० फुटांवर खांब धरला तर ८४ खांब लागतात. ७ फुटांपैकी २ फूट जमिनीत जातील, ५ फूट वर राहतील. चार पदरी तार धरली तर ३,३४० फूट तार लागेल. तार तिन्ही प्रकारांत सारखीच, म्हणून फरक खांबाचाच.

सिमेंटचा एक खांब पन्नास किलोंच्या वर जातो. ८४ खांबांचे वजन साडेचार टनांच्या आसपास होते. बांधापर्यंत टेम्पो येत असेल तर काहीच अडचण नाही. पण जमीन डोंगरउतारावर असेल, तर प्रत्येक खांबाला दोन माणसे आणि एक खेप, म्हणजे ८४ खेपा. लोखंडाचे ८४ खांब साडेपाचशे किलोंच्या आत बसतात. त्यांच्या बुंध्याचे काँक्रीट मात्र हिशेबात विसरले जाते. ६ इंच रुंद, दीड फूट खोल खड्ड्याला सुमारे २० किलो माल लागतो. तो धरूनही एकूण वजन सिमेंटच्या खांबांच्या निम्मेच होते, आणि गोण्या-हंड्यांतून ते एकेका माणसाला नेता येते. औषधी लाकडाचे खांब सुमारे एक टन भरतील.

यावरून माझे मत असे. जिथे गाडी पोहोचते, तिथे पारखून घेतलेला सिमेंटचा खांब. जिथे डोकेभाराने न्यावे लागते आणि जवळ वस्ती आहे, तिथे बुंधा नीट केलेला अँगल. औषधी लाकूड सगळ्यांत शेवटी, तेही कापून पाहिल्यावर आणि चुलीचा धोका समजावल्यावर. साधे लाकूड किंवा डांबर फासलेले लाकूड देणगीच्या पैशांतून घेऊच नये.

पैसे कमी पडले तर खांब हलके करू नयेत, संख्या कमी करावी. चार कोपरे, फाटकाचे दोन आणि दर ५० फुटांवर एक असे पक्के खांब घालावेत. मधल्या जागी पावसाच्या सुरुवातीला गिरिपुष्पाचे मनगटाएवढे दांडे रोवावेत. वाळवीला मुख्यतः मेलेले लाकूड हवे असते. रुजलेला, पालवी फुटलेला दांडा ती सहसा सोडते. काही दांडे मरतील, ते पुढच्या पावसात बदलावेत. ते रुजेपर्यंत मधली तार ढिली पडते, म्हणून पहिले वर्ष राखण ठेवावीच लागेल.

कोपऱ्यांवर मात्र काटकसर नको. ताणलेली तार सगळा जोर कोपऱ्यावर टाकते, आणि कुंपण पडते ते बहुधा कोपऱ्यापासून. प्रत्येक कोपऱ्याच्या खांबाला तारेच्या दोन्ही दिशांनी तिरका टेकू द्यावा आणि त्याचा खड्डा अडीच फूट खोल करावा. भाताच्या बांधाची माती पावसात लोण्यासारखी होते, तिथे मधले खांबही तेवढेच खोल जावेत.

शेवटी एक विनंती. पाहणीला जाल तेव्हा कुंपणाचा फोटो काढून थांबू नका. दसऱ्यानंतर, जमीन सुकू लागली की, प्रत्येक बाजूच्या दोन-तीन खांबांच्या बुंध्याची माती वीतभर उकरून पाहा. लोखंडाचे पापुद्रे निघतात का, सिमेंटला उभी चीर आहे का, लाकडावर मातीचे बोगदे चढले आहेत का, एवढे वहीत लिहून आणा. पुढच्या वर्षीचे खांब कोणते घ्यायचे, ते आपण त्या वहीवरून ठरवू.