इमारत एक, नाव एक
(रौप्यमहोत्सवी सभेतील अध्यक्षांचे भाषण)



गेटवरच्या पाटीवर 'गुलमोहर अपार्टमेंट' लिहिलंय. ते नाव बिल्डरनं दिलेलं. उपनिबंधकांच्या नोंदणी प्रमाणपत्रावर मात्र 'गुलमोहर सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' असं आहे, आणि तेच आपलं अधिकृत नाव. अपार्टमेंटसाठी १९७० चा वेगळा कायदा आहे. आपण १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली येतो.

गेल्या वर्षी आपल्या एका भगिनींनी फ्लॅट विकायला काढला. करारनाम्यात 'अपार्टमेंट', शेअर सर्टिफिकेटवर 'संस्था'. घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलांनी विचारलं, इमारत एकच की दोन? कर्ज अडलं. मी स्वतः बँकेत असेच कागद तपासले आहेत, त्यामुळे वकिलांना दोष देत नाही. शेवटी दोन्ही नावं एकाच इमारतीची आहेत असं पत्र संस्थेनं दिलं. त्यात नोंदणी क्रमांक आणि सिटी सर्व्हे नंबर घातला, प्रॉपर्टी कार्ड जोडलं. तेव्हा काम झालं. इमारतीला आपण काहीही म्हणू, जागेची ओळख त्या नंबरानं पटते.

जुने करारनामे बदलायची गरज नाही, तसं पत्र ऑफिसात मिळेल. पण यापुढे आधार, वीजबिल, नामनिर्देशन, सगळीकडे एकाच क्रमानं लिहा: फ्लॅट नंबर, विंग, संस्थेचं पूर्ण नाव, सिटी सर्व्हे नंबर, रस्ता, शहर, पिनकोड. 'मर्यादित' गाळू नका.

आणि हो, गेटवरची पाटीही आपण बदलतोय.