कार्डावरची रोकड आणि पहिल्या दिवसाचं व्याज

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्या सल्ला केंद्रात कर्जाचा विषय निघाला की सावकार, बचत गट आणि घरी येणारा वसुलीवाला यांच्याबद्दल आपण बोलतो. आता पगार बँकेत जमा होणाऱ्या बायकाही क्रेडिट कार्डाची बिलं घेऊन येतात. आज मी कार्डाच्या सगळ्या व्यवहारांबद्दल बोलणार नाही. क्रेडिट कार्ड एटीएममध्ये घालून जी रोख रक्कम काढली जाते, तेवढ्याबद्दलच बोलणार आहे.

कार्डावर सामान घेतलं आणि बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली, तर व्याज लागत नाही. ही सवलत वीस दिवसांपासून पन्नास दिवसांपर्यंतची असू शकते. त्यामुळे बायकांच्या मनात एक हिशेब पक्का बसतो : बिल आलं की भरायचं, तोवर पैसे फुकट. सामानाच्या बाबतीत तो बरोबर आहे. रोख रकमेला मात्र ही सवलत नाही. पैसे हातात पडले त्याच दिवशी शुल्क लागतं, आणि व्याजही त्याच दिवसापासून सुरू होतं.

आमच्याकडे एक बाई आल्या होत्या. खासगी रुग्णालयात नर्स आहेत. त्यांच्या कार्डावरून पाच जूनला वीस हजार रुपये काढले गेले. बिल वीस जूनला निघालं आणि भरायची शेवटची तारीख दहा जुलै होती. त्यांनी काढलेले वीस हजार दहा जुलैला, म्हणजे मुदतीत, भरले. तरी कार्डावर बाकी दिसत होती. त्या म्हणाल्या, "ताई, मी एक दिवसही उशीर केला नाही. मग हे व्याज कसलं?"

आम्ही कागद घेऊन बसलो. त्यांच्या बँकेचं रोख काढण्याचं शुल्क अडीच टक्के, पण कमीत कमी ५०० रुपये होतं. वीस हजारांवर ५०० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ९० रुपये. म्हणजे ५९० रुपये एटीएमसमोर उभं असतानाच लागले. व्याज दरमहा साडेतीन टक्के, वर्षाचे बेचाळीस. वीस हजारांवर ते दिवसाला सुमारे तेवीस रुपये होतं. पाच जून ते दहा जुलै हे पस्तीस दिवस. व्याज ८०५ रुपये, त्यावर जीएसटी १४५. सगळं मिळून १,५४० रुपये. याच वीस हजारांचं सामान दुकानात कार्डावर घेतलं असतं, मागची बाकी नसती आणि बिल पूर्ण भरलं असतं, तर यातला एक रुपयाही लागला नसता.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. पहिली, व्याज दिवसावर चालतं. म्हणून बिलाची वाट पाहू नये. त्या बाईंनी सात दिवसांत पैसे परत टाकले असते तर व्याज आणि त्यावरचा कर मिळून १९० रुपये झाले असते. दुसरी, शुल्क मात्र लवकर भरून कमी होत नाही, आणि छोट्या रकमेला ते जास्त टोचतं. गॅस सिलेंडर आणि किराण्यासाठी दोन हजार काढले तरी ५९० रुपये लागतातच. म्हणजे जवळजवळ तीस टक्के. वेगवेगळ्या बँकांचे आकडे थोडे कमीजास्त असतात, पण घडण हीच.

पुढचा खड्डा बिलावर छापलेल्या 'किमान देय रकमे'चा. बाईला वाटतं, एवढं भरलं की भागलं. वीस हजारांवर महिन्याचं व्याज ७०० आणि त्यावरचा कर १२६, मिळून ८२६ रुपये. तिने महिन्याला हजार रुपये टाकले तर मूळ रकमेतून फक्त १७४ रुपये उतरतात. शिवाय बाकी राहिली की नव्या सामानावरची बिनव्याजी सवलतही जाते.

आता आपल्या कामाचा मुद्दा. वर मी 'पैसे काढले गेले' असं म्हटलं, 'त्यांनी काढले' असं नाही. ते पैसे नवऱ्याने काढले होते, दिराच्या धंद्यासाठी. कार्ड बाईंच्या नावाचं, पिन घरात सगळ्यांना ठाऊक. बँकेचं म्हणणं असं की पिन तुम्हीच दिलात, तेव्हा जबाबदारी तुमची. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमही हेच सांगतो : पिन स्वतः दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणून कळवल्याची तारीख आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवणं महत्त्वाचं. नवऱ्याला तिच्या खात्यावर जोडकार्ड दिलेलं असेल तरी देणं मुख्य कार्डधारकाचं, म्हणजे तिचंच. पैसा एकाच्या हातात आणि कर्ज दुसरीच्या नावावर, हे आपल्याला नवं नाही. इथे ते बँकेच्या कागदावर होतं एवढंच.

काय करता येतं? रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानुसार कार्डाचे एटीएम व्यवहार बंद करण्याची किंवा त्यांची मर्यादा ठरवण्याची सोय बँकेने द्यावीच लागते. बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा फोनवरून ते होतं. दुकानातला वापर चालू ठेवून रोख काढणं तेवढं बंद करता येतं. पण हे सुचवण्याआधी तिला विचारा : बंद केलं तर घरात काय होईल? मारहाणीची भीती असेल तर आधी तिची सुरक्षितता, मग कार्ड. आमच्या बाईंनी आधी पिन बदलला आणि नवं कार्ड आल्याचं घरी सांगितलंच नाही. तो निर्णय त्यांचा होता.

रुग्णालयात अनामत भरायची असेल तर तिथे कार्ड चालतं का हे आधी विचारावं. तिथेच कार्ड लावलं तर तो खरेदीचा व्यवहार होतो, एटीएममधून काढून रोख भरली तर नाही. रोखच हवी असेल तर बचत गटाकडे बघा. दरमहा दोन टक्क्यांनी वीस हजारांचं दोन महिन्यांचं व्याज ८०० रुपये होतं. कार्डावर पस्तीस दिवसांचेच १,५४० झाले.

कार्यकर्त्या विचारतात, एवढ्या व्याजाला कायद्याची मर्यादा नाही का? २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तीस टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. त्यामुळे दर जास्त आहे एवढ्यावर तक्रार टिकत नाही. दर लेखी कळवला नसेल, न मागता कार्ड दिलं असेल किंवा हिशेब चुकला असेल, तर ती टिकू शकते. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे पडत नाहीत.

तेव्हा यापुढे कोणी बाई कार्डाचं बिल घेऊन आली, तर एकूण आकड्याकडे बघण्याआधी त्यात 'कॅश अ‍ॅडव्हान्स' अशी ओळ आहे का ते शोधा. असेल तर तिला दोन प्रश्न विचारा : पैसे कोणत्या तारखेला काढले, आणि कोणी काढले? पहिल्या उत्तरातून व्याजाचा हिशेब निघेल. दुसऱ्या उत्तरातून आपलं काम कुठे सुरू करायचं ते कळेल.