पोळी खाल्ली कोणी आणि क्रियापद कोणाचं?

मराठी शिकणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो: ‘राजू पोळी खातो’ म्हणताना क्रियापद राजूचं ऐकतं, मग ‘राजूने पोळी खाल्ली’ म्हणताना ते पोळीचं का ऐकू लागतं? राजू तर मुलगा आहे!

याचं उत्तर संस्कृतात आहे. तिथे क्रियापदांची भूतकाळाची जुनी रूपं हळूहळू मागे पडली आणि लोक ‘बालकेन फलं खादितम्’ असं बोलू लागले. म्हणजे, मुलाकडून फळ खाल्लेलं आहे. यातलं ‘खादितम्’ हे खरं तर फळाचं विशेषण. प्राकृतात अशा रूपांना ‘इल्ल’ हा प्रत्यय लागू लागला आणि त्यातून आपला भूतकाळाचा ‘ल’ आला. विशेषणाची सवय मात्र सुटली नाही. मोठा आंबा, मोठी पोळी, मोठं केळं. तसंच आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. राजूला लागलेला ‘ने’ म्हणजे ते जुनं ‘कडून’.

मग ‘मी पोळी खाल्ली’ यात ‘ने’ कुठे गेला? ‘मी’ हे रूपच मुळात तृतीयेचं, संस्कृत ‘मया’वरून आलेलं. जुन्या मराठीत ‘म्यां’ असंही म्हणत. म्हणून इथे मुलगा असो की मुलगी, दोघंही ‘खाल्ली’च म्हणणार. ‘मी पोळी खाल्लो’ ऐकलं की समजावं, वर्तमानकाळाची सवय भूतकाळात शिरली आहे. ‘तू’ मात्र चतुर आहे. ‘तू पोळी खाल्लीस’ यात ‘ली’ पोळीची आणि शेवटचा ‘स’ तुझा!

आता खरी गंमत. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद त्याचंही ऐकत नाही आणि सरळ नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. ‘आम्ही मुलगी पाहिली’ म्हटलं की घरात लग्नाची बोलणी चालली असणार, हे कोणीही ओळखेल. ‘आम्ही मुलीला पाहिलं’ म्हटलं तर ती कदाचित बसस्टॉपवर नुसती दिसली असेल. पहिल्याला व्याकरणात कर्मणी प्रयोग म्हणतात, दुसऱ्याला भावे.

काही क्रियापदं या नियमाला जुमानत नाहीत. शिकणे, विसरणे, बोलणे यांना कर्म असलं तरी ती कर्त्याचीच राहतात: तो मराठी शिकला, तो चावी विसरला, तो चार शब्द बोलला. यांच्या कर्त्याला ‘ने’ लागत नाही, हीच त्यांची खूण. अशी क्रियापदं थोडीच आहेत. नियमात कोंबत बसू नका, सरळ पाठ करा.

आणि नवा शब्द शिकाल तेव्हा त्याचं लिंगही लगेच विचारून घ्या. पोळी स्त्रीलिंगी आहे हेच ठाऊक नसेल, तर हा सगळा नियम पाठ असूनही ‘खाल्ली’ म्हणता येणार नाही.